व्याज तुमच्या नावावर, पण उत्पन्न कोणाचं?

पत्र

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४६, घर सांभाळते, स्वतःची कमाई नाही. यजमान लोट्याच्या एमआयडीसीत नोकरीला, यंदाचा पगार साडेअकरा लाख. माहेरची जमीन विकली तेव्हा भावांनी माझा वाटा दिला, त्याची ८ लाखांची एफडी बँकेत आहे, ७ टक्क्यांनी. घरखर्चातून वाचवून त्याच बँकेत महिना ३,००० ची आरडी भरते. यजमानांना आधीच्या कंपनीचा पीएफ मिळाला, त्यातले ९ लाख त्यांनी एप्रिल २०२४ मध्ये माझ्या नावावर पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवले. त्याचे महिन्याला येणारे ५,५५० रुपये तसेच पोस्टाच्या आरडीत जातात. यंदा बँकेने व्याजातून टीडीएस कापला आणि आता १५ जी भरा म्हणतात. पोस्टाच्या एजंटताई म्हणतात, तुमच्या नावावर आहे म्हणजे कर नाही. भाचा म्हणतो, सगळं व्याज मामांच्या उत्पन्नात धरतात. खरं कोणाचं? सही करू का?

उत्तर

ताई, बँकेच्या १५ जीवर, म्हणजे व्याजातून कर कापू नका असं बँकेला लिहून देण्याच्या फॉर्मवर, सही करा, ती तुम्ही खरेपणाने करू शकता. पोस्टातल्या ९ लाखांचं व्याज मात्र यजमानांच्या रिटर्नमध्ये जायला हवं. एजंटताई आणि भाचा दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, आणि दोघांची गफलत एकाच ठिकाणी होते आहे. पासबुकावर नाव कोणाचं, यावर कर ठरत नाही. ठेवलेला पैसा मुळात कुठून आला, यावर ठरतो.

आयकर कायद्याच्या ६४ व्या कलमात सांगितलं आहे की नवऱ्याने बायकोला, किंवा बायकोने नवऱ्याला, पुरेसा मोबदला न घेता पैसा किंवा मालमत्ता दिली, तर त्यापासून येणारं उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवायचं. नवऱ्याने बायकोला पैसे देणं यात काहीही गैर नाही आणि त्या देण्यावर तुम्हाला करही लागत नाही, कारण नवरा-बायको हे कायद्याने जवळचे नातेवाईक आहेत. ९ लाख तुमचेच झाले. कर आहे तो त्या ९ लाखांच्या व्याजावर, आणि तो मोजायचा यजमानांच्या खात्यात. मिळालेली रक्कम एकीची आणि तिच्या व्याजावरचा कर दुसऱ्याचा, ही गोष्ट पटकन पचत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत घोळ होतो तो नेमका इथे.

माहेरच्या पैशाला हे कलम लागत नाही. तुमच्या वाट्याची जमीन विकून आलेले ८ लाख यजमानांनी दिलेले नाहीत, त्यामुळे त्यांचं व्याज पूर्णपणे तुमचं. वडिलोपार्जित जमिनीच्या खरेदीखतावर विकणाऱ्यांत तुमचं नाव असेल तर उत्तमच. आपल्या भागात बहिणी पुष्कळदा आधीच हक्कसोडपत्र करून देतात आणि मग भाऊ समजुतीने रक्कम देतो. तसं झालं असलं तरी काळजी नाही. भावाकडून आलेली भेटसुद्धा करमुक्त असते आणि तिचं पुढचं व्याज बहिणीचंच धरलं जातं. फक्त तो पैसा भावाच्या खात्यातून किंवा खरेदीदाराच्या चेकने तुमच्या खात्यात आल्याची नोंद असलेलं पासबुकाचं पान जपून ठेवा. खरेदीखताची प्रत आणि जुना सातबाराही त्याबरोबर ठेवा. पाच वर्षांनी कोणी विचारलं तर तोंडी सांगून भागणार नाही.

आता घरखर्चातून वाचवलेल्या पैशाबद्दल. इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण बायका स्वतःच हा पैसा ‘त्यांचाच’ म्हणून सोडून देतात. घर चालवायला दिलेल्या रकमेतून काटकसरीने मागे टाकलेली पुंजी गृहिणीची मानण्याकडे न्यायालयांचा कल राहिला आहे. नोटाबंदीच्या वेळी गृहिणींनी बँकेत भरलेल्या रोख रकमेबद्दल आयकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने २०२१ मध्ये निकाल दिला, तो त्या काळातल्या अडीच लाखांपर्यंतच्या भरण्यापुरताच आहे. पण घर सांभाळणारी बाई वर्षानुवर्षं पैसा बाजूला टाकत असते, हे वास्तव त्यात मान्य केलेलं आहे. तुमची ३,००० ची आरडी याच प्रकारात बसते, आणि तिचं व्याज तुमचं धरण्यात मला अडचण दिसत नाही.

याला मर्यादा मात्र आहे. आरडीचा हप्ता दर महिन्याला यजमानांच्या पगाराच्या खात्यातून थेट कापून जात असेल, तर त्याला घरखर्चातली बचत म्हणता येत नाही. ती यजमानांनी तुमच्या नावावर केलेली गुंतवणूक झाली आणि तिचं व्याज त्यांचं. तसंच महिना ३,००० वाचणं पटण्यासारखं आहे. त्याच घरखर्चातून महिना ३०,००० वाचतात असं सांगितलं तर कोणताही अधिकारी आधी घरात येणारा पगार विचारेल, आणि त्याचं चुकणार नाही.

पोस्टाच्या आरडीचं उत्तर वेगळं आहे. ती भरली जाते मासिक योजनेच्या व्याजातून, म्हणजे यजमानांच्या पैशावरच्या उत्पन्नातून. मग तिचं व्याजही त्यांचं का? नाही. यजमानांनी दिले ते ९ लाख. त्या ९ लाखांवरचं व्याज त्यांच्या उत्पन्नात मिळवायचं, पण ते व्याज तुमच्या हातात येऊन तुम्ही पुन्हा गुंतवलंत की त्यावर येणारं नवं व्याज तुमचं. यजमानांनी लावून दिलेल्या कलमांचे आंबे त्यांच्या हिशोबात, आणि त्या आंब्यांच्या बाठी रुजवून तुम्ही वाढवलेल्या झाडांचे आंबे तुमच्या, असं समजा. म्हणून महिना ५,५५० ची ही पोस्टाची आरडी तुमच्यासाठी चांगली व्यवस्था आहे. पाच वर्षांत तुम्ही ३ लाख ३३ हजार भराल, आणि ६.७ टक्के दराने मुदतीअखेर ३ लाख ९६ हजारांच्या आसपास हातात येतील. त्यातले वरचे ६३ हजार हे तुमचं स्वतःचं उत्पन्न. मासिक योजनेचं व्याज बचत खात्यात पडून घरात खर्च झालं असतं, तर हे तयारच झालं नसतं.

आता १५ जी.

हा फॉर्म बँका छापील गठ्ठ्यातून काढून देतात, बाई खाली सही करते आणि कर्मचारी बाकीचं भरतो. त्यातलं एक वाक्य कोणी वाचत नाही. सही करणारी व्यक्ती त्यात असं जाहीर करते की या फॉर्ममधलं उत्पन्न कलम ६० ते ६४ नुसार दुसऱ्या कोणाच्याही उत्पन्नात मिळवायचं नाही. म्हणजे ज्या कलमाबद्दल आपण बोलतो आहोत, तेच कलम तिथे क्रमांकासकट लिहिलेलं आहे. नवऱ्याच्या पैशाच्या ठेवीवर बायकोने १५ जी भरला, तर तिने खोटं प्रतिज्ञापत्र दिलं असा त्याचा अर्थ होतो. खोट्या माहितीसाठी कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि फॉर्मच्या मागच्या टिपांत तीही छापलेली असते. घाबरवण्यासाठी सांगत नाही. कागद वाचून सही करण्याचा हक्क तुमचा आहे आणि काउंटरवर रांग मोठी आहे म्हणून तो सोडू नका, एवढ्यासाठी सांगते.

तुमच्या बाबतीत बँकेत दोनच ठेवी आहेत, माहेरच्या पैशाची एफडी आणि घरखर्चाची आरडी. दोन्ही तुमच्या. त्यामुळे ते वाक्य तुमच्यासाठी खरं आहे. फॉर्मच्या बाकी दोन अटी पाहू. वर्षाच्या एकूण उत्पन्नावरचा कर शून्य असायला हवा, आणि व्याजाची एकूण रक्कम करमुक्त मर्यादेच्या आत असायला हवी. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत ही मर्यादा ४ लाख आहे. तुमच्या एफडीचं वर्षाचं व्याज ५६,०००. बँकेच्या आरडीचं या वर्षीचं व्याज, ती सुरू होऊन वर्षभर झालं आहे आणि दर साडेसहा टक्क्यांच्या जवळ आहे असं धरून, ३,८०० च्या आसपास. पोस्टाच्या आरडीवर यंदा जमा होणारं व्याज ६,७०० च्या आसपास. बँकेच्या बचत खात्याचे दोन-अडीच हजार. पोस्टाच्या बचत खात्याचं व्याज एकट्याच्या खात्याला वर्षाला ३,५०० पर्यंत करमुक्त असतं, तेव्हा ते सोडून देऊ. सगळं मिळून ६९,००० होतात. ४ लाखांच्या जवळपासही नाही. मासिक योजनेचे ६६,६०० यात धरायचे नाहीत, ते यजमानांकडे जाणार.

मग बँकेने टीडीएस का कापला? बँकेला तुमचं एकूण उत्पन्न माहीत नसतं. ती फक्त स्वतःकडच्या ठेवी पाहते. १ एप्रिल २०२५ पासून साठीच्या आतल्या ठेवीदाराला एका बँकेतल्या सगळ्या मुदत ठेवी आणि आरडी मिळून वर्षाला ५०,००० च्या वर व्याज होत असेल तर बँक १० टक्के कापते. तुमचं बँकेतलं व्याज ५९,८०० च्या आसपास होतं, म्हणून कापलं. आणि कापताना ५०,००० च्या वरच्या ९,८०० वर नाही, सगळ्याच रकमेवर कापतात. बचत खात्याचं व्याज या हिशोबात येत नाही. एफडी दोन शाखांत विभागून काही साधत नाही, कारण कोअर बँकिंगमध्ये सगळ्या शाखा एकत्र मोजल्या जातात.

एप्रिल ते डिसेंबर या तीन तिमाह्यांत तुमचे साडेचार हजारांच्या आसपास कापले गेले असतील. सरकारजमा झालेली ही रक्कम बँक परत करत नाही. आता दिलेला १५ जी उरलेल्या तिमाहीचं कापणं थांबवेल, मागचं नाही. मागचं परत मिळवायला तुम्हाला रिटर्न भरावं लागेल. तुमचं उत्पन्न ४ लाखांच्या आत आहे म्हणून रिटर्न भरण्याची सक्ती नाही, पण साडेचार हजारांसाठी भरा, ते तुमच्या माहेरच्या पैशाचे आहेत. आयटीआर-१ हा साधा फॉर्म पुरतो, मुदत ३१ जुलै २०२६. त्याआधी पोर्टलवर ज्या खात्यात परतावा हवा ते बँक खाते पडताळून घ्या, खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव एकच आहे ना ते पाहा. लग्नाआधीचं नाव पॅनवर आणि सासरचं नाव पासबुकावर, यामुळे अडलेले परतावे मी बरेच पाहिले आहेत.

पॅन आधारशी जोडलेला आहे याचीही खात्री करा. जोडलेला नसेल तर पॅन निष्क्रिय धरला जातो, १५ जी चालत नाही आणि बँक १० ऐवजी २० टक्के कापते. फॉर्म दिल्यावर बँकेचा शिक्का आणि तारीख असलेली प्रत मागून घ्या. फॉर्म एका वर्षापुरताच असतो, त्यामुळे दर एप्रिलमध्ये पुन्हा द्यायचा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो आहे, तेव्हा कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेले दिसतील. त्या वेळी बँकेत जो चालू फॉर्म असेल तो घ्या. पण जोडीदाराने दिलेल्या पैशाचं उत्पन्न त्याच्याच हिशोबात मिळवण्याचा नियम नव्या कायद्यातही कायम आहे.

पोस्टात मासिक योजनेच्या व्याजावर टीडीएस कापत नाहीत, आरडीवरही नाही. एजंटताईंचा गैरसमज बहुधा यातूनच झाला आहे. वर्षानुवर्षं त्या महिलांना योजना समजावतात, कोणाचाच कर कापलेला पाहत नाहीत, आणि म्हणून ‘कर नाही’ असं मनात बसतं. कापला नाही म्हणजे लागत नाही, असं नसतं. पतसंस्थेतल्या सभासदाच्या ठेवीबद्दलही आपल्याकडे हाच समज आहे आणि तोही तितकाच चुकीचा. पोस्टात व्याज खरोखर करमुक्त असलेल्या योजना मोजक्या आहेत. पीपीएफ आणि मुलीच्या नावाची सुकन्या समृद्धी या त्यातल्या मुख्य. मासिक योजना, आरडी, मुदत ठेव, एनएससी, किसान विकास पत्र, महिला सन्मान बचत पत्र, या सगळ्यांचं व्याज करपात्र आहे.

यजमानांचा हिशोब मी मुद्दाम करून दाखवते, कारण बऱ्याच घरांत लपवण्यासारखं काही नसतानाही लपवलं जातं. पगार ११ लाख ५० हजार. नव्या पद्धतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १० लाख ७५ हजार. त्यात मासिक योजनेचे ६६,६०० मिळवले की ११ लाख ४१ हजार ६००. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसवलत मिळून कर शून्य होतो. म्हणजे व्याज खरं दाखवलं तरी यंदा त्यांचा कर एक रुपयानेही वाढत नाही. आयटीआर-१ भरत असतील तर ‘इतर स्रोतांपासून उत्पन्न’ इथे ही रक्कम जाते. आयटीआर-२ भरत असतील तर त्यात जोडीदाराच्या मिळवायच्या उत्पन्नासाठी वेगळं परिशिष्ट आहे.

ते जुन्या पद्धतीत असतील आणि त्यांचं उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात पडत असेल, तर याच ६६,६०० वर उपकरासह १३,८५० च्या आसपास कर लागेल. तेव्हा यंदाची पद्धत निवडताना हा आकडा विसरू नका. आणि नव्या पद्धतीतही १२ लाखांचा उंबरठा त्यांच्यापासून फार दूर नाही, साठ हजारांच्या आतच आहे. त्यांच्या स्वतःच्या ठेवींचं व्याज असेल तर अंतर आणखी कमी. पुढच्या पगारवाढीला तो ओलांडला जाईल आणि तिथे चित्र एकदम पालटतं. उत्पन्न १२ लाख ३० हजार झालं, तर वरच्या ३० हजारांपैकी काहीच हातात राहत नाही. ते सगळे करात जातात आणि वर ४ टक्के उपकर. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हीच गत असते. त्या पट्ट्यात यजमानांच्या नावे मिळवलेलं तुमचं व्याज जवळजवळ पूर्ण करात जाऊ शकतं. म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत त्यांचा अंदाजे आकडा काढून बघा, मार्च संपल्यावर काही करता येत नाही.

मागच्या वर्षाचं, म्हणजे २०२४-२५ चं, मात्र बघावं लागेल. त्या वर्षी करसवलतीची मर्यादा ७ लाखच होती. मे २०२४ ते मार्च २०२५ या काळात मासिक योजनेचे अकरा हप्ते आले, ६१,०५० रुपये. ते यजमानांनी दाखवले नसतील, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. तेव्हा त्यांचा पगार ११ लाखांच्या जवळ होता असं धरलं, तर हे व्याज १५ टक्क्यांच्या टप्प्यात पडतं. उपकरासह कर ९,५२४. यासाठी अद्ययावत रिटर्न भरता येतं, त्याला आयटीआर-यू म्हणतात. ३१ मार्च २०२७ पर्यंत भरलं तर करावर २५ टक्के जादा लागतात, म्हणजे एकूण १२ हजारांच्या आसपास. त्यानंतरच्या वर्षात जादा ५० टक्के होतात. नोटीस येऊन चौकशी सुरू झाल्यावर हा मार्ग बंद होऊ शकतो, म्हणून यजमानांना हे या वर्षीच उरकायला सांगा.

तुमच्या पॅनवर आयकर विभागाला काय दिसतं, ते वार्षिक माहिती विवरणात कळतं. incometax.gov.in वर तुमच्या पॅनने प्रवेश केलात की ‘एआयएस’ मध्ये बँक आणि पोस्ट दोघांनी कळवलेलं व्याज दिसेल. तुमच्या रिटर्नमध्ये ६९,००० आणि एआयएसमध्ये मासिक योजनेसकट १ लाख ३५ हजारांच्या आसपास, असा फरक पडेल. तो फरक नुसता ठेवू नका. मासिक योजनेच्या नोंदीसमोर प्रतिसाद देण्याची सोय असते. तिथे “Information relates to other PAN/Year” हा पर्याय निवडून यजमानांचा पॅन भरा. म्हणजे तुमच्याकडून कमी झालेली रक्कम त्यांच्याकडे दिसते, आणि दोघांची रिटर्न्स एकमेकांशी जुळतात.

मासिक योजना यासाठी मोडू नका. सुरू होऊन वर्ष झाल्यावर पण तीन वर्षांच्या आत बंद केली तर मुद्दलातून २ टक्के कापतात, तुमचे १८,००० जातील. एप्रिल २०२७ नंतर १ टक्का, म्हणजे ९,०००. यंदा कर शून्य आहे, तर इतकी झळ कशाला सोसायची? यजमानांचं उत्पन्न खरोखर उंबरठ्यापलीकडे गेलं तर तेव्हा ९,००० आणि वाचणारा कर यांची तुलना करून ठरवा. पुढे एप्रिल २०२९ मध्ये मुदत संपेल, तेव्हा या ९ लाखांपैकी वर्षाला दीड लाख तुमच्या पीपीएफ खात्यात टाकत गेलात तर त्याचं व्याज करमुक्तच असल्याने ते कोणाच्या उत्पन्नात मिळवायचं हा प्रश्नच उरत नाही. १५ वर्षांची मुदत आहे, पण तुम्ही ४९ च्या असाल, ६४ व्या वर्षी तो पैसा तुमच्या हाताशी असेल. खातं आत्ताच ५०० रुपयांनी उघडून ठेवलंत तर ही १५ वर्षं या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजायला लागतील. वर्षाला निदान ५०० भरून ते चालू ठेवा. संयुक्त खातं उघडून व्याज निम्मं निम्मं होतं, असंही कोणी सांगेल. पैसा एकट्या यजमानांचा असेल तर नावं दोन असली तरी व्याज पूर्ण त्यांचंच.

एक काम मात्र याच महिन्यात करा. एफडीचं दर तिमाहीचं १४,००० व्याज ज्या बचत खात्यात येतं, त्याच खात्यात यजमान घरखर्चाचे पैसे पाठवत असतील, तर माहेरचा पैसा आणि त्यांचा पैसा एकत्र होतो आणि काही वर्षांनी कोणता कोणाचा ते तुम्हालाही सांगता येणार नाही. तुमच्या एकटीच्या नावाचं वेगळं बचत खातं उघडा. एफडीचं व्याज तिथे वळवा, आणि माहेरहून, भाऊबीजेला, डोहाळजेवणाला किंवा बारशाला तुम्हाला म्हणून जे आलं ते तिथेच ठेवा. त्या खात्यात यजमानांकडून एक रुपयाही येऊ देऊ नका. घरखर्च जुन्या खात्यातून चालू दे, आरडीचा हप्ताही तिथूनच जाऊ दे. ९ लाखांसाठी यजमानांच्या पासबुकाची दोन पानं झेरॉक्स करून घ्या, एक पीएफ जमा झाल्याचं आणि एक तुमच्याकडे रक्कम गेल्याचं. ही पानं, खरेदीखताची प्रत, दर वर्षीचा शिक्का मारलेला १५ जी आणि पोस्टातून घेतलेला व्याजाचा दाखला एका फाइलीत, तुमच्या कपाटात असू द्या.